e^x ची आरंभबिंदूतून जाणारी स्पर्शिका: आधी स्पर्शबिंदू शोधायचा

प्रश्न: y = e^x ला आरंभबिंदूतून जाणारी स्पर्शिका काढायची होती. डेरिव्हेटिव्ह e^x, त्यात x = 0 घातलं, स्लोप 1 आला, म्हणून y = x लिहिलं. उत्तरात मात्र y = ex दिलंय. माझं कुठे चुकलं? आणि आरंभबिंदूऐवजी दुसरा एखादा बिंदू दिला तर हीच रीत चालते का?

उत्तर:

डेरिव्हेटिव्ह बरोबर आहे. चूक x = 0 घालण्यात आहे, कारण (0, 0) हा बिंदू या वक्रावर नाहीच. x = 0 असताना e^0 = 1, म्हणजे वक्र तिथे (0, 1) मधून जातो, आरंभबिंदूच्या बरोबर एक एकक वरून. तुम्हाला मिळालेला स्लोप 1 हा (0, 1) पाशी काढलेल्या स्पर्शिकेचा आहे आणि ती स्पर्शिका y = x + 1 आहे. तुम्ही स्लोप तिचा घेतलात आणि रेषा ओढलीत आरंभबिंदूतून. हाती आलेली y = x ही रेषा त्या स्पर्शिकेला समांतर आहे खरी, पण ती वक्राला कुठेच शिवत नाही. तीन किमती घालून बघा: x = -1 ला वक्राची उंची 0.368, रेषेची -1; x = 0 ला 1 आणि 0; x = 1 ला 2.718 आणि 1. रेषा कायम खालीच राहते.

प्रश्नातला एक शब्द इथे सगळं ठरवतो. 'अमुक बिंदूपाशी स्पर्शिका काढा' म्हटलं की तो बिंदू हाच स्पर्शबिंदू असतो, आणि त्याचा x थेट डेरिव्हेटिव्हमध्ये घालायचा. 'अमुक बिंदूतून जाणारी स्पर्शिका' म्हटलं की तो बिंदू फक्त रेषेवर असल्याची हमी मिळते. ती रेषा वक्राला कुठे टेकते हे कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून कागदावर पहिली गोष्ट करायची ती म्हणजे दिलेला बिंदू वक्राच्या समीकरणात घालून बघणं. 0 = e^0 हे खोटं आहे, म्हणजे बिंदू वक्राबाहेरचा, म्हणजे स्पर्शबिंदू आपणच शोधायचा. हे दहा सेकंदांचं काम आहे, आणि अशा गणितांतले निम्मे घोटाळे ते न केल्यामुळे होतात.

आता खरी रीत. स्पर्शबिंदू माहीत नाही, तर त्याच्या x ला a म्हणू. तो वक्रावर आहे, त्यामुळे त्याचा y आपोआप ठरतो: बिंदू (a, e^a). त्या ठिकाणी स्लोप e^a. आता बिंदू आणि स्लोप दोन्ही हाताशी आहेत, तेव्हा स्पर्शिका लिहिता येते:

y - e^a = e^a (x - a)

ही एक रेषा नव्हे. a बदलत गेलो की वक्राच्या सगळ्या स्पर्शिका यातून मिळतात. त्यांतली आपल्याला हवी ती कोणती? जी (0, 0) मधून जाते ती. म्हणून x = 0, y = 0 इथे घालायचं; वक्राच्या समीकरणात नाही, डेरिव्हेटिव्हमध्ये नाही, स्पर्शिकेच्या समीकरणात:

0 - e^a = e^a (0 - a)
-e^a = -a e^a
e^a (a - 1) = 0

e^a कधीही शून्य होत नाही, म्हणून a = 1. स्पर्शबिंदू (1, e), स्लोप e, आणि रेषा

y - e = e (x - 1), म्हणजे y = e·x

इथे मी मुद्दाम e·x असं टिंब देऊन लिहिलं आहे. ex आणि e^x हाताने लिहिताना x जरा वर सरकला की रेषेचा वक्र होतो, आणि पुढची पायरी करताना स्वतःचंच अक्षर स्वतःला फसवतं. e ही साधी संख्या आहे, साधारण 2.718. y = e·x म्हणजे y = 2.718x, आरंभबिंदूतून जाणारी एक बऱ्यापैकी उभी रेषा.

उत्तर तपासायचं तर तीन गोष्टी बघायच्या. रेषा (0, 0) मधून जाते का: हो. x = 1 ला रेषा आणि वक्र एकाच उंचीवर आहेत का: दोन्हीकडे e, हो. x = 1 ला दोघांचा स्लोप सारखा आहे का: पुन्हा दोन्हीकडे e. फक्त पहिल्या दोन बघून थांबू नका. आरंभबिंदूतून जाणारी आणि वक्राला कुठेतरी गाठणारी रेषा हवी तशी मिळते, उदाहरणार्थ (0, 0) आणि (2, e^2) जोडणारी. पण ती वक्राला छेदून जाते, टेकत नाही. स्पर्श ठरतो तो तिसऱ्या अटीने.

आकड्यांतही हा स्पर्श दिसतो. x = 0.9 ला वक्र 2.4596 आणि रेषा 2.4465, फरक 0.0131. x = 1.1 ला वक्र 3.0042 आणि रेषा 2.9901, फरक 0.0141. दोन्ही बाजूंना वक्रच वर आहे आणि फरक अगदी थोडा. छेदणारी रेषा असती तर एका बाजूला वक्र वर आणि दुसऱ्या बाजूला खाली गेला असता. अंतर निम्मं केलं, म्हणजे 0.95 आणि 1.05 घेतले, तर फरक निम्मा न होता साधारण चौथाई होतो. कॅल्क्युलेटरवर स्पर्श ओळखायची ही माझ्या मते सगळ्यात भरवशाची खूण आहे. ग्राफ बघून 'टेकल्यासारखं वाटतंय' म्हणण्यापेक्षा कितीतरी बरी.

रीत समजूनही विद्यार्थी एका ठिकाणी हमखास घसरतात. a आणि x वेगळे ठेवत नाहीत. स्लोप e^x आहे म्हणून ते थेट y = e^x · x असं लिहितात आणि त्याला स्पर्शिका म्हणतात. ही रेषाच नाही. x बदलला की यातला 'स्लोप'ही बदलतो. स्पर्शिकेच्या समीकरणात x म्हणजे रेषेवर सरकणारा बिंदू, तर a म्हणजे वक्रावर एका जागी रोवलेला बिंदू. दोघांना एकच अक्षर दिलं की पुढे काहीही सुटू शकतं आणि ते चुकीचंच असतं. हव्या असलेल्या बिंदूला a म्हणा, t म्हणा, x₁ म्हणा, पण नुसतं x म्हणू नका.

दुसरी सावधगिरी e^a काढून टाकण्याबद्दल. -e^a = -a e^a वरून दोन्ही बाजूंना e^a ने भागून a = 1 लिहिलं तर इथे चालतं, कारण e^a कधीच शून्य नसतो. पण ही सवय लागली की ती नको तिथेही येते. y = x^2 e^x हा वक्र घ्या आणि त्याच्या आरंभबिंदूतून जाणाऱ्या स्पर्शिका शोधा. डेरिव्हेटिव्ह (2x + x^2) e^x. वरच्याच पद्धतीने अट येते:

a^2 e^a = a (2a + a^2) e^a

इथे दोन्ही बाजूंना a^2 e^a ने भागलं की 1 = 2 + a, म्हणजे a = -1 आणि स्पर्शिका y = -x/e. ती बरोबर आहे, पण एकटी नाही. भागताना a = 0 ही शक्यता हातातून निसटली. तिथे वक्र स्वतः आरंभबिंदूला येतो आणि त्याची स्पर्शिका x-अक्ष, y = 0. म्हणून सगळं एका बाजूला आणून अवयव पाडावेत. e^a बेधडक काढावा, a असलेला अवयव मात्र ठेवावा.

y = e^x साठी हेच गणित समीकरणाशिवाय, नुसत्या आकृतीवरून सुटतं, आणि मला ही बाजू जास्त आवडते. वक्रावरच्या (a, e^a) पासून स्पर्शिका खाली x-अक्षापर्यंत आणा. ती अक्षाला कुठे मिळते? स्पर्शिकेत y = 0 घातलं की -e^a = e^a (x - a), म्हणजे x = a - 1. a कितीही असो, उत्तर तेच: स्पर्शबिंदूच्या पायथ्यापासून बरोबर एक एकक डावीकडे. उंची e^a आणि चढही e^a, म्हणून आडवं अंतर उंची भागिले चढ, म्हणजे नेहमी 1. मग आरंभबिंदूतून जाणारी स्पर्शिका कोणती? जी अक्षाला 0 वर मिळते ती, म्हणजे जिचा स्पर्शबिंदू 0 च्या एक एकक उजवीकडे आहे ती. a = 1. संपलं.

x-अक्षावरच्या या तुकड्याला उपस्पर्शिका म्हणतात. ती सगळीकडे सारखी असणारा वक्र कोणता, हा प्रश्न e^x असं लिहायची पद्धत रुळण्याच्या कितीतरी आधीचा आहे. फ्लोरिमाँ द बोन यांनी देकार्तपुढे मांडलेला हा प्रश्न लायब्निझ यांनी १६८४ साली कलनशास्त्रावरच्या आपल्या पहिल्या लेखाच्या शेवटी घेतला, आणि उत्तर लॉगरिदमशी जोडलेला वक्र आहे हे दाखवलं. तुमच्या वहीतलं a = 1 हे त्याच गुणधर्माचं छोटं रूप आहे.

याच नजरेने पाया बदलला तरी अडत नाही. y = e^(kx) असेल तर चढ k·e^(kx), म्हणून उपस्पर्शिका 1/k. k धन असेल तर आरंभबिंदूतून जाणारी स्पर्शिका x = 1/k ला टेकते, आणि त्या बिंदूची उंची e^(k·1/k) = e. k काहीही घ्या, उंची e च. y = 2^x साठी k = ln 2 = 0.693, म्हणून स्पर्शबिंदू x = 1.443, उंची 2.718 आणि स्लोप e·ln 2, साधारण 1.884. y = e^(2x) साठी स्पर्शबिंदू (1/2, e) आणि रेषा y = 2e·x. k ऋण असेल तर स्पर्शबिंदू डाव्या बाजूला जातो: y = e^(-x) साठी (-1, e), रेषा y = -e·x. k मुळे वक्र फक्त आडवा दाबला किंवा ताणला जातो, उभी मापं बदलत नाहीत. म्हणून टेकण्याची उंची हलत नाही.

ही स्पर्शिका मिळाली की e^x = mx या समीकरणाला किती उत्तरं आहेत, हा प्रवेशपरीक्षांतला आवडता प्रश्न जवळजवळ तोंडी सुटतो. y = mx म्हणजे आरंभबिंदूभोवती फिरणारी रेषा. m = e ला ती वक्राला टेकते, एक उत्तर. m त्याहून मोठा केला की रेषा वक्राला दोनदा छेदते, दोन उत्तरं. m शून्य ते e च्या दरम्यान, किंवा शून्यच, असेल तर एकही नाही; तुमची y = x याच गटातली. m ऋण असेल तर रेषा डावीकडे वर चढते आणि वक्राला एकदा गाठते, एक उत्तर. ऋण m विसरून 'm < e ला उत्तर नाही' असं लिहिणारे खूप.

दुसऱ्या शब्दांत, e^x नेहमी e·x इतका किंवा त्याहून मोठा असतो, आणि बरोबरी फक्त x = 1 ला. याचा पुरावा दोन ओळींचा: f(x) = e^x - e·x घ्या, f'(x) = e^x - e, हे x = 1 च्या आधी ऋण आणि नंतर धन, म्हणून f ची सर्वांत लहान किंमत f(1) = 0. यात x = π/e घाला. e^(π/e) > π, आणि दोन्ही बाजूंचा e वा घात घेतला की e^π > π^e. कॅल्क्युलेटर सांगतो 23.14 आणि 22.46, पण इथे त्याची गरज पडली नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. बिंदू (p, q) दिला तर रीत तीच, x = p, y = q स्पर्शिकेत घालायचं:

q = e^a (p + 1 - a)

फरक एवढाच की यातून a सरळ बाहेर निघेलच असं नाही. q = 0 असेल, म्हणजे बिंदू x-अक्षावर असेल, तर a = p + 1 लगेच मिळतो (उपस्पर्शिकेचंच म्हणणं पुन्हा). q दुसरं काही असेल तर a एकदा घातांकात आणि एकदा बाहेर असा अडकतो, आणि काही सोयीच्या किमती सोडल्या तर नेहमीच्या बीजगणिताने तो सुटत नाही. आरंभबिंदूचं उत्तर इतकं स्वच्छ आलं ते q शून्य होता म्हणून. परीक्षेत वेगळा बिंदू देऊन गणित अडलं तर आपलीच चूक समजून पानं भरू नका. आधी उत्तरं किती आहेत ते ठरवा.

ते ठरवायला उजवी बाजू g(a) = e^a (p + 1 - a) कशी वागते ते बघायचं. g'(a) = e^a (p - a), म्हणून a = p पर्यंत g वाढतो आणि नंतर घटतो; सर्वांत मोठी किंमत g(p) = e^p. फार डावीकडे g शून्याच्या जवळ जातो पण वरच राहतो, फार उजवीकडे खोल ऋण होतो. म्हणून q जर e^p पेक्षा मोठा असेल, म्हणजे बिंदू वक्राच्या वर असेल, तर त्यातून एकही स्पर्शिका निघत नाही. बिंदू वक्रावरच असेल तर एक, त्या बिंदूपाशीचीच. वक्राच्या खाली पण x-अक्षाच्या वर असेल तर दोन. अक्षावर किंवा अक्षाखाली असेल तर पुन्हा एकच. आरंभबिंदू या शेवटच्या गटात, बरोबर सीमेवर आहे.

एक बिंदू पूर्ण करून बघू: (0, 1/2). तो वक्राच्या खाली आणि अक्षाच्या वर आहे, म्हणजे दोन स्पर्शिका असायलाच हव्यात. अट आहे e^a (1 - a) = 0.5. न्यूटनची रीत वापरायची तर h(a) = e^a (1 - a) - 0.5 आणि h'(a) = -a e^a; दर पायरीला a च्या जागी a - h(a)/h'(a) घ्यायचं. a = 1 पासून सुरुवात केली, कारण आरंभबिंदूचं उत्तर तेच होतं आणि हा बिंदू फार दूर नाही:

1 → 0.8161 → 0.7705 → 0.7680

तिसऱ्या पायरीला चार दशांश स्थळं बसली. स्पर्शिका y = 2.156x + 0.5. दुसरं उत्तर ऋण बाजूला आहे; a = -1.5 किंवा -2 पासून सुरुवात केली की a = -1.678 कडे जाता येतं आणि स्पर्शिका y = 0.187x + 0.5 मिळते. सुरुवात a = 0 पासून मात्र करू नका. तिथे h'(0) = 0 आहे, न्यूटनची पायरी शून्याने भागायला सांगते आणि कॅल्क्युलेटर एरर दाखवतो. शून्याच्या अगदी जवळून, समजा 0.01 पासून, निघालात तर पहिलीच उडी जवळजवळ 50 पर्यंत जाते. तिथून परत यायला खूप पायऱ्या लागतात, आणि मध्येच थांबलात तर भलताच आकडा उत्तर म्हणून हाती राहतो. g चं शिखर a = p ला आहे; एक सुरुवात त्याच्या उजवीकडून आणि एक डावीकडून, दोन्ही शिखरापासून थोडं अंतर ठेवून करायची.